पाटीचा बाक काढणे आणि परत देणे

विचारणा: दुकानाच्या वाइड अँगल फोटोत पाटीवरचा मजकूर बदलायचा असेल तर आधी लेन्सचं डिस्टॉर्शन काढतात, मजकूर बसवतात आणि मग तेच डिस्टॉर्शन परत देतात. या दोन क्रियांना मराठीत काय म्हणावं? मी ‘विकृती पूर्ववत करणे’ आणि ‘उलट विकृती देणे’ असं लिहिलंय. चालेल का?

‘विकृती’ नको. मराठीत तो शब्द माणसाच्या मनाला किंवा शरीराला चिकटलेला आहे. ‘विरूपण’ पुस्तकात शोभतो, पण रोजच्या कामात मला सुताराचा शब्द बरा वाटतो: बाक. फळीला बाक येतो, तसाच वाइड अँगलमध्ये काठाजवळच्या सरळ रेषेला येतो. म्हणून ‘बाक काढणे’ आणि ‘बाक परत देणे’.

‘पाटी सरळ करणे’ मात्र टाळा, कारण त्यातून वेगळाच दोष समजतो. कोनातून फोटो काढला की पाटी तिरपी दिसते, एक बाजू लहान आणि एक मोठी, पण तिच्या कडा सरळच राहतात. बाक असेल तर कडाच वाकते. देवनागरी पाटीवर हे ओळखायला पट्टी लागत नाही, शिरोरेषा बघायची. एका फोटोत मला ‘वस्त्रभांडार’चं ‘वस्त्रभंडार’ करायचं होतं. काढायचा एकच काना, पण तो गेला की ‘डार’ डावीकडे सरकवावं लागतं, आणि वाकलेल्या शिरोरेषेवर प्रत्येक अक्षराचा कल वेगळा असतो. नुसतं सरकवलं तर ‘भं’ आणि ‘डा’ यांच्यामध्ये रेषेला गुडघा येतो. म्हणून आधी बाक काढायचा.

आता ‘पूर्ववत’. हा शब्द तुम्ही चुकीच्या पायरीला लावलाय. फोटो जन्मतःच वाकलेला आहे, त्यामुळे बाक काढणं म्हणजे त्याला नवं रूप देणं. पूर्ववत होतं ते दुसऱ्या पायरीला, बाक परत दिल्यावर.

‘उलट’ हा शब्द तर कामच बिघडवतो. शाळेत बेरीज व्यस्त आणि गुणाकार व्यस्त वेगळे शिकवतात, तसाच इथेही प्रश्न आहे की कशाचं उलट? ४००० × ३००० पिक्सेलचा फोटो आणि पाटी उजव्या काठाकडे, असं समजा. इमेजमॅजिकमध्ये बाक असा काढला:

```
magick foto.jpg -distort Barrel "0 -0.06 0 1" saral.png
```

यात केंद्रापासूनचं अंतर लहान बाजूच्या निम्म्याने, म्हणजे १५०० पिक्सेलने मोजतात, आणि त्या अंतराचा वर्ग ०.०६ ने गुणून १ मधून वजा केला की गुणक मिळतो. सरळ चित्रात १५०० वर असलेला बिंदू मूळ फोटोतल्या १५०० × ०.९४ = १४१० वरून उचलला जातो. परत जाताना, म्हणजे नव्या मजकुराचा थर lekh.png वाकवताना, हात आपसूक याकडे वळतो:

```
magick lekh.png -virtual-pixel transparent -distort BarrelInverse "0 -0.06 0 1" parat.png
```

नावात ‘इन्व्हर्स’ आहे, आकडे तेच आहेत, तरी हा खरा व्यस्त नव्हे. १४१० च्या जागी १५०० वरचा बिंदू यायला हवा, पण ही आज्ञा १४१० ला त्याच अंतरावरच्या गुणकाने, ०.९४७ ने, भागते आणि १४८९ वरचा उचलते. भागायला हवं होतं ०.९४ ने, म्हणजे सरळ चित्रातल्या अंतरावरच्या गुणकाने. ११ पिक्सेलचा फरक पडला, अक्षरं पाटीच्या कडेकडे सरकली. आलेल्या १४८९ वरून गुणक पुन्हा काढून १४१० ला भागलं तर १४९८.६ येतं, आणखी एकदा केलं तर १४९९.८. सिनेमाच्या कंपोझिटिंगमध्ये हे टाळायला एसटी मॅप वापरतात. कोणता पिक्सेल कुठून उचलायचा याची ती नोंदच असते, त्यामुळे जाताना एक नकाशा आणि येताना दुसरा. म्हणून ‘उलट बाक देणे’ न लिहिता ‘मूळ बाक परत देणे’ लिहा.

पाटी तिरपीही असेल तर आधी बाक काढून मग तिरपेपणा काढतात. परत येताना आधी तिरपेपणा, शेवटी बाक.

परत न्यायचा तो फक्त मजकुराचा पारदर्शक थर, अख्खा फोटो नाही. दोनदा ताणलेल्या चित्रातल्या विटा, तारा, सगळं मऊ पडतं. थर मूळ, न छेडलेल्या फोटोवर ठेवायचा. मग उलटीच अडचण येते, नवी अक्षरं भोवतालापेक्षा जास्त कोरीव दिसतात. त्यांना किंचित धूसर करून फोटोइतका रवाळपणा द्यावा लागतो.

आणि मजकुराला हात लावण्याआधी एकदा काहीही न बदलता फोटोचा बाक काढून परत द्या, तो मूळ फोटोवर ठेवून ‘डिफरन्स’ मोडमध्ये बघा. पाटीच्या जागी जवळजवळ काळं दिसलं तर परतीचे आकडे बरोबर आहेत. पाटीच्या कडेला दुहेरी उजळ रेघ दिसली, तर तुमच्याकडे व्यस्त नाही, नुसतं उलट आहे.