रात्रभर ढवळत ठेवलेल्या रिअ‍ॅक्शनमध्ये सकाळी स्फटिक दिसले, तर नवं संयुग सापडलं असं समजायचं का? कुणाला असा अनुभव आहे?

आहे, आणि अजून खुपतो. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. बेन्झाल्डिहाइड आणि एथिलीन ग्लायकॉलपासून अ‍ॅसिटल करायचं होतं. टोल्युईन, चिमूटभर पीटीएसए हे आम्ल, साध्या तापमानाला ढवळणं. शेवटची कर्जत लोकल चुकली असती म्हणून फ्लास्क तसाच फिरत ठेवून पळालो. झाकण लावलं नाही, नायट्रोजनही नाही.

अ‍ॅसिटल तर द्रव. सकाळी बघतो तर फ्लास्कच्या मानेवर पांढऱ्या चकचकीत पट्ट्या. सीनियर दादा म्हणाला, "एक्स-रेला पाठव, पेपर होईल." मीही हवेत! सर म्हणाले, "काचेची भांडी नीट धूत नाहीस, फेकून दे."

मी दोघांचंही ऐकलं नाही. स्फटिक फक्त द्रवाच्या पातळीच्या वर होते, खाली एकही नाही, ही गोष्ट डोक्यातून जाईना. मग बेन्झाल्डिहाइडची बाटली उघडली, तर झाकणाच्या आट्यांवर तसाच पांढरा थर. फ्लास्कच्या मानेवरचे स्फटिक खरवडले, जेमतेम चाळीस मिलिग्रॅम मिळाले. पीटीएसए निघून जावं म्हणून थोड्या गार पाण्याने धुतले (नाहीतर पुढच्या चाचणीत तेच फसवतं) आणि मिलिलिटरभर गरम पाण्यातून पुन्हा स्फटिक पाडले. मेल्टिंग पॉइंट १२१-१२२. कपाटातल्या बेन्झॉइक अ‍ॅसिडमध्ये मिसळून कॅपिलरी भरली, तरी आकडा घसरला नाही. वेगळा पदार्थ असता तर मिश्रण आधीच वितळलं असतं. सोड्याच्या द्रावणात बुडबुडेही आले.

म्हणजे नवं काही नव्हतं. बेन्झाल्डिहाइड हवेतला ऑक्सिजन घेऊन आधी परबेन्झॉइक अ‍ॅसिड होतं, आणि ते दुसऱ्या बेन्झाल्डिहाइडला भेटलं की दोघांचंही बेन्झॉइक अ‍ॅसिड. काचेवर चढलेल्या पातळ थराला हवा सगळ्यात जास्त लागते, म्हणून स्फटिक मानेवर. भांडी स्वच्छच होती, सर!

तेव्हा आधी स्फटिक कुठे बसलेत ते बघा, मग मेल्टिंग पॉइंट घ्या. त्याआधी एक्स-रेचं नाव काढणारा माणूस आळशी असतो. आणि जुनं बेन्झाल्डिहाइड सोडियम कार्बोनेटच्या द्रावणाने धुऊन, डिस्टिल करूनच वापरा. मी ते आधीच मागितलं होतं, पण "बाटली सीलबंद आहे, वेळ घालवू नकोस" असं उत्तर मिळालं. सील फोडून किती महिने झाले होते, ते कुणी विचारलं नाही.

हो, एक राहिलंच. तुमच्या फ्लास्कमध्ये ईथर किंवा टीएचएफ असेल, किंवा अ‍ॅसिटोनसोबत हायड्रोजन पेरॉक्साइड आणि आम्ल असेल, तर माझ्यासारखं खरवडू नका. ते स्फटिक पेरॉक्साइडचे असू शकतात आणि नुसत्या घासण्यानेही त्यांचा स्फोट होऊ शकतो. हात न लावता गाईडला बोलवा. माझे सर असले तरी.