पॅरा जंबल आणि वाक्यदुरुस्ती: सोडवलेल्या जुन्या पेपरचं नेमकं काय करायचं

"मॅडम, भाषेच्या पेपरमध्ये पॅरा जंबल आणि वाक्यदुरुस्तीत माझे सगळ्यात जास्त मार्क जातात. जुन्या पेपरचं सोडवलेलं पुस्तक पूर्ण वाचलं, वाचताना सगळं पटतं पण नवीन पेपर आला की दोन पर्यायांत अडकते आणि नेमका चुकीचाच टिक होतो. दुसरं पुस्तक घेऊ की आहे तेच पाठ करू?"

दुसरं घेऊ नकोस आणि पाठ तर अजिबातच नको, कारण तो उतारा परत येणार नाहीये. आहे त्याच पुस्तकात उत्तरावर कागद ठेव, प्रश्न सोडव आणि मग उत्तर उघडून बाकीचे तीन पर्याय नेमके कुठल्या शब्दापाशी मेले ते पेन्सिलने लिहून काढ. बरोबर उत्तर का बरोबर हे पुस्तक सांगतंच, पण चुकीचे का चुकीचे हे बहुतेक पुस्तकं सांगत नाहीत आणि तू अडकतेस ते तिथेच. उत्तर समोर असलं की कुठलाही क्रम छानच वाटतो गं.

एक नमुना घेऊन दाखवते, उतारा मीच तयार केलाय पण ठेवण पेपरसारखीच आहे.

अ) हा नाच आठच्या इंग्रजी आकड्यासारखा असतो आणि मधल्या सरळ रेषेवर ती अंग थरथरवत चालते.
ब) त्यामुळे बाकीच्या माश्यांना कुठे आणि किती लांब उडायचे ते समजते.
क) कामकरी मधमाशीला फुलांनी भरलेली जागा सापडली की ती पोळ्यावर परत येते.
ड) तिथे आल्यावर ती एक विशिष्ट नाच करते.
इ) या रेषेचा कोन दिशा सांगतो आणि थरथरण्याचा वेळ अंतर सांगतो.

पर्याय: 1) क ड अ इ ब  2) क अ ड इ ब  3) ड अ क इ ब  4) क ड इ अ ब

बहुतेक मुलं पहिलं वाक्य शोधतात, मग दुसरं, मग तिसरं, आणि मध्येच कुठेतरी हरवतात. पाच वाक्यांचे एकूण 120 क्रम होऊ शकतात पण पेपर तुला चारच देतोय, त्यामुळे आधी पर्यायांकडेच बघ. ब चारही ठिकाणी शेवटी आहे, म्हणजे शेवटच्या वाक्यावर डोकं लावून काही मिळणार नाही. क तीन पर्यायांत पहिलं आहे, त्यानेही फक्त तिसरा जातो. खरा निकाल मधल्या जागांवर लागणार.

आता चिकटलेल्या जोड्या शोध. 'हा नाच' म्हटलंय म्हणजे नाचाचा उल्लेख आधी होऊन गेलाय, तो ड मध्ये आहे, सो ड-अ ही पक्की जोडी. ही फक्त 1 आणि 3 मध्ये दिसते. 'या रेषेचा' म्हटलंय आणि रेषा आली ती अ मध्ये, म्हणजे अ-इ दुसरी जोडी. तिसऱ्यात अ नंतर क घुसलाय, तो गेला. उरला पहिला, अख्खा उतारा एकदाही सलग न वाचता. मग शेवटी एकदा सलग वाचून खात्री कर, पण शेवटीच.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या कच्च्या कागदांवर एक गोष्ट सारखी दिसते, ती म्हणजे 'त्यामुळे', 'मात्र', 'तसेच' याखाली जाड रेघ. हे शब्द फसवे आहेत कारण 'त्यामुळे' बऱ्याच वाक्यांमागे बसतं. याच उताऱ्यात ब हे अ नंतर लावून बघ, कानाला खटकणारही नाही. खटकतं ते पुढे, कारण इ मधली 'या रेषेचा' आपल्या रेषेपासून तुटते. म्हणून दर्शक शब्द आणि त्याच्यासोबत नाम (हा नाच, या रेषेचा) असेल तर ती जोडी पक्की धरायची, नुसता 'तो', 'ती', 'तिथे' असेल तर मध्यम, आणि उभयान्वयी अव्यय असेल तर सगळ्यात शेवटी विचार करायचा. जुन्या पेपरमधल्या प्रत्येक सोडवलेल्या उताऱ्यावर या जोड्या गोल करून बाणाने जोडत गेलीस की नजरच तशी बसते.

सगळ्याच उताऱ्यांत अशा जोड्या मिळत नाहीत हेही सांगून ठेवते. मतं मांडणाऱ्या उताऱ्यात कधीकधी फक्त सर्वसाधारण विधान आधी आणि उदाहरण नंतर एवढाच धागा असतो, तिथे वेळ जातो. असा प्रश्न पहिल्या फेरीत सोडून पुढे गेलेलं बरं.

वाक्यदुरुस्तीत पद्धत तीच, फक्त जोडी वेगळी: क्रियापद कोणाशी बांधलंय ते शोधायचं. हे बघ: "समितीने शाळांकडून मागवलेल्या अर्जांची यादी काल जाहीर केले." वाचताना चटकन खटकत नाही कारण मध्ये बराच मजकूर आहे. कर्त्याला 'ने' लागलाय आणि कर्माला प्रत्यय नाही, म्हणजे क्रियापद कर्माच्या मागे जाणार. कर्म कुठलं? अर्ज नाही, यादी. यादी जाहीर केली. पेपर काढणारा मुद्दाम मध्ये शाळा, अर्ज अशी नामं भरतो, म्हणून मधला फापटपसारा झाकून फक्त "समितीने यादी जाहीर ___" एवढंच वाच. कर्मालाही प्रत्यय असेल तर क्रियापद कोणाच्याच मागे जात नाही, नपुंसकलिंगी एकवचनी राहतं: "समितीने शाळांना कळवले".

'मी' आलं की गोंधळ वाढतो कारण 'मी'ला 'ने' दिसतच नाही. "मी पत्र लिहिलो" की "मी पत्र लिहिले"? इथे 'मी'च्या जागी तिसरा माणूस घालून बघ. "त्याने पत्र लिहिले" म्हणतो, म्हणजे 'मी'लाही लिहिले. "मी नाव विसरलो" मात्र बरोबर, कारण "तो नाव विसरला" असंच म्हणतो, 'त्याने' नाही. शिकणे, विसरणे अशी थोडी क्रियापदं कर्म असूनही कर्त्याच्या मागे जातात, जुन्या पेपरमध्ये भेटतील तशी एका पानावर उतरवत जा. आणि घरच्या बोलीत "मी काम केलो" चालत असेल तर या प्रकारात कानावर अजिबात विसंबू नकोस, ती बोली चुकीची नाहीये पण पेपर प्रमाणभाषेचा आहे.

चुकांची वही ठेवशील तर तारखेप्रमाणे किंवा पेपरप्रमाणे ठेवू नकोस, कारणाप्रमाणे ठेव. "जवळच्या नामाला भुलले", "'त्यामुळे'वर विश्वास ठेवला", "'मी' तपासलं नाही" अशी पानं कर आणि चूक झाली की त्या पानावर ते वाक्य लिही. पंधरा-वीस प्रश्नांनंतर एखादं पान भरलेलं दिसेल आणि बाकीची जवळपास कोरी, मग पुढचा आठवडा फक्त त्या भरलेल्या पानाच्या प्रकारावर घालव. शुद्धलेखनाच्या चुका मात्र या वहीत मिसळू नकोस, ऱ्हस्व-दीर्घ हा निराळा सराव आहे.

आणि हो, पुस्तकातलं एखादं उत्तर कितीही घासलं तरी पटत नसेल तर त्याच्यावर दिवस घालवू नकोस, अशा पुस्तकांत छपाईच्या चुका असतात आणि काही वेळा तर पहिली उत्तरतालिका बघूनच उत्तर छापलेलं असतं. परीक्षा घेणाऱ्यांनी हरकतींनंतर अंतिम उत्तरतालिका काढली असेल तर ती काढून ताडून बघ, तिथे तो प्रश्न रद्द झालेलाही सापडेल.