कर्ज आटलं ते कुणाच्या बाजूने?

प्रिय,

रिझर्व्ह बँकेने दर वाढवल्यावर कर्ज कोणत्या दोन मार्गांनी आटतं, या प्रश्नाचं तुझं पंधरा गुणांचं उत्तर वाचलं. दोन्ही मार्गांच्या व्याख्या बरोबर आहेत, पण दोन्ही परिच्छेद शेवटी एकाच वाक्यावर येऊन थांबतात: 'दर वाढले, कर्ज कमी झालं, गुंतवणूक घटली.' परीक्षकाला हवं ते याच्या अलीकडे आहे. कर्ज कमी झालं ते बँकेला पैसा उभा करणं जड गेलं म्हणून, की कर्जदार पूर्वीइतका भरवशाचा राहिला नाही म्हणून? पहिला बँक-कर्जपुरवठ्याचा मार्ग, दुसरा ताळेबंदाचा. आणि हा ताळेबंद कर्जदाराचा, बँकेचा नव्हे. तू तिथेच घसरला आहेस.

उदाहरणाला 4 मे 2022 हा एकच दिवस पुरे. त्या दिवशी रिझर्व्ह बँकेच्या वेळापत्रकाबाहेरच्या बैठकीनंतर रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसा देते तो, 4 वरून 4.40 टक्के झाला आणि सीआरआर, म्हणजे ठेवींचा जो हिस्सा बँकांना तिच्याकडे ठेवावा लागतो तो, हाही 4 वरून 4.50 टक्क्यांवर नेल्याचं जाहीर झालं. एकाच घोषणेत तुझे दोन्ही मार्ग सापडतात.

सीआरआरच्या वाढीमुळे बँकांचे सुमारे 87,000 कोटी रुपये रिझर्व्ह बँकेत बिनव्याजी अडकणार होते. यामुळे कर्जपुरवठा आटायला दोन अटी लागतात. एक, बँकेला ही तूट दुसरीकडून, म्हणजे ठेव प्रमाणपत्रं काढून किंवा सरकारी रोखे विकून, स्वस्तात भरून काढता येऊ नये. दोन, कर्जदाराला बँकेशिवाय दुसरं दार नसावं. रोमर या अर्थतज्ज्ञ दाम्पत्याने 1990 मध्ये पहिल्याच अटीवर बोट ठेवलं होतं: बँका ठेव प्रमाणपत्रांतून पैसा उभा करू शकतात, मग अडतं कुठे? मे 2022 मध्ये बँकिंग व्यवस्थेत रोकड मुबलक होती, त्यामुळे ही अट फारशी पुरी होतच नव्हती. 2022-23 मध्ये बँकांचं कर्ज उलट सुमारे 15 टक्क्यांनी वाढलं. माझ्या मते त्या वर्षी हा मार्ग मंद होता, आणि तसं उत्तरात बिनधास्त लिही. कश्यप आणि स्टाइन या अर्थतज्ज्ञांनी 2000 मध्ये अमेरिकी बँकांबाबत दाखवलं तेही याला धरूनच आहे: कडक धोरणाचा चटका छोट्या आणि हाताशी रोखे कमी असलेल्या बँकांना जास्त बसतो.

आता रेपोची बाजू. समज, इचलकरंजीत एका यंत्रमागधारकाचं 80 लाखांचं कॅश क्रेडिट रेपोला जोडलेलं आहे, व्याज साडेआठ टक्के. ऑक्टोबर 2019 पासून बँकांनी लघुउद्योगांना दिलेली नवी बदलत्या दराची कर्जं अशी रेपोसारख्या बाह्य मानदंडाला जोडणं बंधनकारक आहे. फेब्रुवारी 2023 पर्यंत रेपो 6.50 वर गेला, म्हणजे याचं व्याज 11 टक्के. व्याजापूर्वीचा वार्षिक नफा 12 लाख धरला, तर व्याज 6.80 लाखांवरून 8.80 लाखांवर जातं आणि हातात 5.20 ऐवजी 3.20 लाख उरतात. व्याजाच्या तुलनेत नफा 1.76 पट होता, तो 1.36 पटीवर आला. नव्या मागांसाठी तो बँकेत गेला, तर तिजोरी भरलेली असूनही मॅनेजर जादा तारण मागेल, नाहीतर दर चढवेल. स्वतःचा पैसा आणि बाहेरचा पैसा यांच्या किमतीतली ही वाढती दरी म्हणजेच बाह्य वित्ताचं अधिमूल्य. ते इथे दाखव, नुसती व्याख्या नको.

मग दोन्ही वेगळे ओळखायचे कसे? नुसत्या कर्जाच्या आकड्यावरून ओळखता येत नाहीत, कारण मागणीच घटली तरी आकडा खालीच येतो. ख्वाजा आणि मियाँ या अर्थतज्ज्ञांची युक्ती वापर. 1998 च्या अणुचाचण्यांनंतर पाकिस्तानात डॉलर ठेवी गोठवल्या गेल्या आणि अशा ठेवींवर जास्त विसंबलेल्या बँकांची रोकड आटली. त्यांनी एकाच कंपनीची दोन वेगवेगळ्या बँकांमधली कर्जं शेजारी ठेवून पाहिली. कर्जदार तोच, म्हणजे ताळेबंदही तोच. तरीही रोकड आटलेल्या बँकेकडून कर्ज जास्त घटलं असेल, तर कारण बँकेकडे आहे. त्यांना तसंच आढळलं. मात्र मोठ्या कंपन्यांनी ती तूट इतरत्र भरून काढली, छोट्यांना ते जमलं नाही. तो धक्का धोरणदराचा नव्हता, एवढं एका ओळीत नोंदव.

ताळेबंदाच्या मार्गासाठी हीच तुलना उलटी मांड: बँक एक, कर्जदार दोन, एकाचं कर्ज बदलत्या दराचं आणि दुसऱ्याचं स्थिर.

एक खाच राहते. दर वाढले की बँकेकडच्या रोख्यांच्या किमती पडतात आणि तिचं स्वतःचं भांडवल अशक्त होतं. तिथे बँकच कर्जदारासारखी वागते, तिलाही बाहेरचा पैसा महाग पडतो. मी हे पहिल्या मार्गात टाकतो, कारण हात आखडतो तो बँकेचा. कुणी दुसरीकडे टाकलं तर भांडणार नाही, पण कारण लिहिलेलं हवं.

सुधारलेलं उत्तर रविवारपर्यंत पाठव.

तुझा,
सर