आभारासोबत निकालही कळवावा

प्रश्न: "लिंक्डइनवर एका अनोळखी व्यक्तीच्या उत्तरामुळे माझे अडलेले काम झाले. त्यांना आभाराचा संदेश पाठवावा का, आणि त्यात काय लिहावे?"

जरूर पाठवा, पण नुसते "थँक यू सर" लिहू नका. मी जळगाव जिल्ह्यात ठिबक सिंचनाचे काम करतो. असे दोन शब्दांचे संदेश मला नेहमी येतात आणि त्यांतून मला काहीच कळत नाही.

माझ्या लक्षात राहिलेला संदेश रावेर तालुक्यातील एका तरुणाचा आहे. त्याच्या केळीच्या बागेत ड्रिपर क्षारांनी बुजले होते, म्हणून मी आम्ल प्रक्रिया सुचवली होती. त्याने काय केले ते क्रमाने कळवले. बुजलेल्या नळीच्या तुकड्यातील पांढऱ्या थरावर आम्लाचा थेंब टाकताच फेस आला, म्हणजे तो चुन्याचाच थर होता याची त्याने आधी खात्री केली. मग पाण्यात आम्ल ओतून (आम्लात पाणी कधीही ओतू नये) ते व्हेंचुरीतून, म्हणजे द्रावण ठिबकच्या पाण्यात ओढून घेणाऱ्या साधनातून, सोडले. पंपाजवळच्या ड्रिपरला पीएच पेपर लवकर लाल झाला, पण सर्वांत दूरच्या ड्रिपरला रंग बदलेना. तेथेही पीएच 4 च्या आसपास येईपर्यंत तो थांबला, तेव्हाच पंप बंद केला आणि 24 तासांनी नळ्यांची टोके उघडून त्या धुतल्या. टोकाच्या झाडांना पुन्हा पाणी पोहोचू लागले, हेही त्याने लिहिले. पेपर शेवटच्या ड्रिपरलाच लावा, हे मी आता प्रत्येकाला आग्रहाने सांगतो, ते त्याच्या त्या संदेशामुळे.

माझे साडू म्हणतात की असे संदेश म्हणजे ओळख वाढवण्याची युक्ती आहे, आज आभार मानणारा उद्या नोकरी मागतो. मला हे मुळीच पटत नाही. ज्याने बांधावर उभे राहून सांगितलेले करून पाहिले आणि निकाल कळवला, त्याने उत्तर देणाऱ्याला त्याच्या श्रमांचा मोबदलाच दिला. अशा माणसाने उद्या काही विचारले, तर मी आनंदाने सांगेन.

लिंक्डइनवर जोडणीच्या विनंतीसोबतची टीप मोफत खात्यावर साधारण 200 अक्षरांचीच असते आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे मजकूर मोजका ठेवावा लागतो. त्या तरुणाचा अनुभव एवढ्यात बसवायचा तर असा बसेल:

"नमस्कार. ठिबकबद्दलचे तुमचे उत्तर वाचून आम्ल सोडले. शेवटच्या ड्रिपरला पीएच 4 आल्यावर पंप बंद केला. दुसऱ्या दिवशी नळ्या धुतल्या. टोकाच्या झाडांना आता पाणी पोहोचते. आभारी आहे."

उत्तर सर्वांना दिसेल असे असेल, तर हाच मजकूर त्याखालीही लिहावा, कारण तीच अडचण असलेला दुसरा शेतकरी तो वाचेल. सल्ला लागू पडला नसेल तरीही कळवावे. माझ्या कामात हे फार महत्त्वाचे आहे, कारण थर शेवाळाचा किंवा लोहाचा असेल तर उपाय वेगळा करावा लागतो. नोकरीची विनंती मात्र या संदेशात घालू नये; ती नंतर, वेगळी आणि स्पष्ट शब्दांत करावी. एवढ्यापुरते साडूंचे म्हणणे मला मान्य आहे.