दिवाळीच्या पाकिटाबद्दल नियम काय सांगतो?

प्रश्न: आमचा भोसरीत 22 जणांचा मशिनिंगचा व्यवसाय आहे. वकिलाकडून 18 पानांची आचारसंहिता करून घेतली, सगळ्यांनी सह्याही केल्या, पण वाचली कोणीच नाही. लोक वाचतील आणि पाळतील अशी कशी लिहायची?

उत्तर:

ती 18 पानं फाइलमध्येच राहू द्या. कोऱ्या कागदावर गेल्या दोन वर्षांत तुमच्याकडे ज्या गोष्टींवरून खरोखर कुरबुर झाली त्या लिहा. त्यासाठी परचेसवाला, स्टोअरवाला आणि शिफ्टचा सुपरवायझर यांच्याशी वेगवेगळं बोला, कारण तिघांच्या तक्रारी सहसा जुळत नाहीत. त्यातून सात-आठ विषय निघतील. तुमची आचारसंहिता तेवढीच.

लहान कारखान्यांची एचआरची कामं मी बघतो. तिथे हमखास निघणारा विषय म्हणजे पुरवठादारांच्या भेटवस्तू. वकिली मसुद्यात तो साधारण असा असतो: 'कोणत्याही कर्मचाऱ्याने पुरवठादाराकडून कोणत्याही स्वरूपाचा अनुचित लाभ स्वीकारू नये.' आता दिवाळीच्या आदल्या आठवड्यात टूलिंगवाला काजूकतलीचा डबा घेऊन परचेसवाल्याच्या घरी येतो. डब्याखाली पाकीट असतं. डबा अनुचित आहे का? दारात आलेल्या माणसाला परत कसं पाठवायचं? बायकोने आधीच घेऊन ठेवला असेल तर? या तिन्हींवर ते वाक्य गप्प आहे, म्हणून ते कोणी पाळत नाही.

तोच नियम असा लिहा: 'मिठाई, सुका मेवा, डायरी, कॅलेंडर घेतलं तरी चालेल, पण ऑफिसात आणायचं, तिथे सगळ्यांत वाटलं जाईल. रोख रक्कम, गिफ्ट कार्ड, चांदीचं नाणं, मोबाइल, सहलीचा खर्च घ्यायचा नाही. घरी कोणी ठेवून गेलं तर कामाच्या पुढच्या दिवशी अकाउंट्समध्ये नोंद करायची. परत पाठवायचं काम कंपनी करेल, तुम्हाला कोणाला तोंड द्यावं लागणार नाही. वेळेत नोंद केली तर चौकशी नाही. लपवल्याचं कळलं तर परचेसचं काम काढून घेतलं जाईल.'

शेवटची तीन वाक्यं नियमाइतकीच महत्त्वाची आहेत. माणूस घेतो ते बहुतेकदा लोभापेक्षा भिडेपोटी. म्हणून दसऱ्याच्या आधी सगळ्या पुरवठादारांना कंपनीच्या लेटरहेडवर पत्र पाठवा की आमच्या माणसांना मिठाईपलीकडे काही देऊ नये. मग 'आमच्याकडे चालत नाही हो' असं म्हणायला परचेसवाल्याला आधार मिळतो. आणि हा नियम मालकालाही लागू आहे हे त्यातच लिहा. तुमच्या केबिनमध्ये आलेला टीव्ही घरी गेला, तर पुढच्या दिवाळीत त्या नोंदवहीत एकही ओळ पडणार नाही. वही कोरी असणं ही चांगली खूण समजू नका. नियम रुजतोय हे कळतं ते लोक आधी येऊन 'हे घेऊ का?' विचारायला लागले की.

शिक्षा लिहिताना मात्र जपून. 'तीन लेट मार्क म्हणजे अर्ध्या दिवसाचा पगार कट' हे जवळपास सगळीकडे दिसतं. पण वेतनाच्या कायद्यात गैरहजेरीची कपात जितका वेळ माणूस गैरहजर तितक्याच प्रमाणात करता येते. दंड आकारायचा तर कोणत्या कृत्यांसाठी हे आधी मंजूर आणि जाहीर झालेलं हवं, त्या माणसाचं म्हणणं ऐकायला हवं, आणि महिन्याचा दंड पगाराच्या 3 टक्क्यांच्या वर जाता कामा नये. 20,000 पगारावर ते 600 रुपये झाले. अर्धा दिवस कापण्यापेक्षा 'पंधरा मिनिटं उशीर झाला तर त्याच दिवशी तेवढं थांबा, आणि सुपरवायझरला फोन करून कळवलेलं असू द्या' हे जास्त चालतं.

एक विषय तुमच्या मर्जीवर सोडलेला नाही. 10 किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाच्या 2013च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती लागते. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला आणि एक सदस्य कंपनीबाहेरची व्यक्ती. समिती नेमली नसेल तर 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. आचारसंहितेत कायद्याची कलमं उतरवू नका. समितीतल्या लोकांची नावं, मोबाइल नंबर आणि तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी करायची, एवढं लिहा. तेच महिलांच्या स्वच्छतागृहाच्या आतल्या बाजूला चिकटवा, कारण नोटीस बोर्डासमोर उभं राहून नंबर टिपून घ्यायला कोणी धजावत नाही.

सही सगळ्यात शेवटी. आधी शिफ्ट सुरू होताना रोज एकच नियम मोठ्याने वाचा, मराठीत आणि तुमच्याकडे उत्तर भारतातली मुलं असतील तर हिंदीतही. वाचून झाल्यावर 'समजलं का?' विचारू नका, सगळे हो म्हणतात. प्रसंग सांगा: 'ट्रान्सपोर्टवाल्याने चहापाण्याला पाचशे दिले, काय कराल?' उत्तरं वेगवेगळी आली तर दोष तुमच्या वाक्यात आहे. ते त्याच दिवशी दुरुस्त करा आणि सुधारलेल्या कागदावरच सह्या घ्या.