झोपेची गोळी एकदम बंद का करू नये, आणि कमी करायची तर कशी

प्रश्न: आई 63 वर्षांची आहे, बरीच वर्षं रात्री अल्प्राझोलाम 0.5 घेते. मागच्या महिन्यात आम्ही बंद केली तर तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, हात थरथरत होते, म्हणून परत चालू केली. आता ही गोळी जन्मभर का? मेडिकलवाल्याशी बोलून काही उपयोग होतो का?

उत्तर: जन्मभर नाही. आणि ती तीन रात्रींची जागरणं म्हणजे आईला गोळीची गरज असल्याचा पुरावा नाही. गोळी एकदम काढल्यावर शरीर जे करतं तेच झालं. सांगलीत माझं मेडिकल आहे, फार्मासिस्ट मी स्वतः. मिरजेत डॉक्टरांना दाखवून चिठ्ठी घेऊन येणारे बरेच लोक नेमकी हीच तक्रार सांगतात.

मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं, त्याचं काम मज्जातंतूंना शांत ठेवणं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम या गोळ्या गाबाचा परिणाम वाढवतात. पहिले काही दिवस झोप छान लागते. पण बाहेरून रोज शांतता मिळायला लागली की मेंदू आपला समतोल त्याप्रमाणे बदलतो. गाबाला कमी प्रतिसाद द्यायचा आणि जागं ठेवणारी बाजू थोडी चढी ठेवायची, असा हा बदल असतो. हे व्हायला काही आठवडे पुरतात आणि त्यासाठी कुणी चुकीचं वागावं लागत नाही. चिठ्ठीप्रमाणे रोज एकच गोळी घेणाऱ्यालाही ते होतं. मग गोळी काढली की चढी बाजू एकटी उरते. झोप जाते, घाम येतो, छातीत धडधडतं, भांडं पडल्याचा आवाजसुद्धा सहन होत नाही.

अल्प्राझोलाम त्यातल्या त्यात लवकर उतरते. साधारण 11 तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं, वयस्कर माणसात थोडं सावकाश. त्यामुळे रात्री घेतलेली गोळी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बरीच ओसरलेली असते. 'दिवे लागले की जीव घाबरा होतो' असं सांगणारे पेशंट माझ्याकडे येतात, त्यांना वाटतं आजार वाढला. मी वेळ विचारतो. त्रास रोज ठरावीक वेळी येत असेल आणि गोळीनंतर तासाभरात जात असेल, तर तो बहुधा गोळी उतरण्याचा आहे. आईच्या बाबतीत हे बघा. आणखी एक खूण म्हणजे आधी कधीच नसलेलं काहीतरी, जसं हाताची थरथर किंवा मुंग्या, गोळी बंद केल्यावर एक-दोन दिवसांत सुरू होणं. जुनी चिंता परत येते तेव्हा ती सहसा हळूहळू आणि जुन्याच रूपात येते.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, डोस बदलण्याचा अधिकार मला नाही. अल्प्राझोलाम शेड्यूल एच 1 मध्ये आहे. विकताना डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव आणि किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावं लागतं आणि ते तीन वर्षं जपावं लागतं. चिठ्ठीशिवाय 'एक पत्ता द्या हो' म्हणणाऱ्यांची नाराजी मी रोज घेतो. पण काउंटरवर जे विचारून घेता येतं ते डॉक्टरांच्या पाच मिनिटांत राहून जातं. म्हणून मी ते कागदावर लिहून पेशंटबरोबर पाठवतो.

हळद-गुळाच्या व्यापारातले एक गृहस्थ, पन्नाशीचे, आईसारखेच रोज 0.5 वर होते. मी आधी पत्ताच हातात घेतला. साधी अल्प्राझोलाम आहे की प्रोप्रॅनोलॉल घातलेली जोडगोळी, हे बघायचं होतं. जोडगोळी असेल तर ती तोडताना बीपी-धडधडीचं औषधही अर्धं होतं, तेही एकदम थांबवायचं नसतं. एसआर, म्हणजे औषध सावकाश सोडणारी गोळी असेल तर ती तोडायचीच नाही. मग विचारलं, दारू किती? दुखण्यासाठी ट्रामाडॉल चालू आहे का? खोकल्याचं कोडीनचं औषध? पूर्वी कधी फिट आली होती? दारू किंवा ट्रामाडॉलबरोबर ही गोळी श्वास मंदावू शकते, आणि फिटचा इतिहास असला तर कमी करणं घरी नाही, डॉक्टरांच्या देखरेखीखाली होतं. गृहस्थांचं सगळं 'नाही' होतं.

डॉक्टरांनी आधी 0.375 केली, म्हणजे 0.25 ची एक आणि तिचीच आणखी अर्धी. असे चार आठवडे. मग चार आठवडे 0.25. पुढची पायरी अवघड होती. दर वेळी उतरणारे मिलिग्रॅम तेवढेच, पण पहिल्यांदा 0.125 कमी करणं म्हणजे डोसचा पाव भाग, आणि 0.25 वरून तेवढंच कमी करणं म्हणजे निम्मा. शेवटी शेवटी लोक अडखळतात ते यामुळे. म्हणून डॉक्टरांनी तिथे सावकाश उतरणाऱ्या डायझेपामवर बदललं. 4 मिलिग्रॅमपासून दर पंधरा दिवसांनी एक मिलिग्रॅम खाली, 2 मिलिग्रॅमच्या गोळ्या आणि त्यांच्या अर्ध्या वापरून. मध्ये घरात लग्न निघालं तेव्हा 2 वर आणखी पंधरा दिवस थांबले. थांबायला हरकत नसते, परत वर चढणं शक्यतो टाळायचं. साडेचार महिन्यांत गोळी सुटली.

आईला हाच आराखडा लावू नका. साठीनंतर डायझेपाम अंगात साठते, तोल जातो, रात्री बाथरूमला उठताना पडून खुब्याचं हाड मोडण्याची भीती असते. शिवाय पाव भाग ही पायरी तशी मोठीच. 2025 साली अमेरिकेतल्या वैद्यकीय संघटनांनी मिळून काढलेल्या मार्गदर्शक सूचना सांगतात की सुरुवात 5 ते 10 टक्क्यांनी, दर दोन ते चार आठवड्यांनी करावी आणि दोन आठवड्यांत सहसा 25 टक्क्यांपेक्षा जास्त कमी करू नये. एवढ्या बारीक पायऱ्या आपल्याकडच्या गोळ्यांतून काढणं कठीण, म्हणून कपात मोठी असली तर प्रत्येक पायरीवर जास्त दिवस राहायचं. गोळी कापायला पिल कटर घ्या, साठ-सत्तर रुपयांची वस्तू आहे. सुरीने कापलेला तुकडा कधी मोठा, कधी चुरा. उरलेली अर्धी दुसऱ्या दिवशीसाठी त्याच डबीत.

आणि एक दिवस आड गोळी हा प्रकार करू नका. शेजारीपाजारी हमखास हाच सल्ला देतात. अल्प्राझोलाम एका दिवसात उतरते, म्हणजे आड दिवशी आईला दर वेळी गोळी तुटल्याचा त्रास थोडाफार सोसावा लागेल, आणि मेंदूला स्थिर व्हायला वावच मिळणार नाही. कमी डोस, पण रोज, त्याच वेळी.

पायरी उतरल्यावर पहिले काही दिवस झोप बिघडेल हे आईला आधीच सांगा, नाहीतर त्या पहिल्याच रात्री जुनी गोळी शोधतील. सकाळी उठण्याची वेळ मात्र बदलू देऊ नका, रात्री कितीही कमी झोप झाली तरी. बुरशीसाठी इट्राकोनाझोल किंवा छातीच्या संसर्गासाठी क्लॅरिथ्रोमायसिन कुणी लिहून दिलं, तर ही गोळी चालू असल्याचं सांगा, कारण त्यांनी अल्प्राझोलामचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

फिट आली, भान हरपलं, नसलेलं दिसायला-ऐकायला लागलं तर पायरी-बियरी विसरून थेट दवाखाना. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तरी तसंच. फोनवर कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानसचा 14416 मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आता डॉक्टरांकडे जाताना आई गोळी किती वाजता घेते, त्रास किती वाजता होतो, इतर कोणत्या गोळ्या चालू आहेत, मागच्या महिन्यात तीन दिवसांत काय काय झालं, हे एका पानावर लिहून न्या. पत्ताही बरोबर न्या, रिकामा असला तरी. तोवर 0.5 तशीच चालू राहू द्या.