भट्टी निम्मी रिकामी आहे. परदेशी गिऱ्हाईक पूर्ण कॉस्टच्या खाली दर मागतंय. ऑर्डर घ्यावी का?

भट्टी खरंच रिकामी असेल तर घ्या. आमच्या काकांनी याच मुद्द्यावर घर डोक्यावर घेतलं होतं, म्हणून लिहितोय.

शिरोलीत आमची फौंड्री. गोल आकड्यात सांगतो, सगळे किलोमागे. कच्चा माल, वीज, वाळू, मोल्डिंग, फेटलिंग मिळून ८८ रुपये. पगार, व्याज, घसारा वगैरे स्थिर खर्च २४. निर्यातीचा जादा खर्च १५ : पॅकिंग ४, कोल्हापूर ते न्हावा शेवा वाहतूक आणि बंदराचा खर्च ४, जहाजभाडं-विमा ७. एकूण १२७. गिऱ्हाईक म्हणालं, सीआयएफ ११० देतो, म्हणजे जहाजभाडं-विमा आम्हीच भरायचा.

काका म्हणाले, "किलोला सतरा रुपये घालून गोऱ्याला माल द्यायचा? धर्मादाय काढलंय काय?"

पण ते २४ ऑर्डर नाही घेतली तरी जाणारच होते. ऑर्डरमुळं वाढणारा खर्च ८८ अधिक १५, म्हणजे १०३. शिवाय निर्यातीवर सरकार करांचा परतावा देतं, ड्रॉबॅक आणि रोडटेप; ते एफओबी किमतीवर, म्हणजे भाडं-विमा सोडून उरणाऱ्या किमतीवर मिळतात. ११० मधून भाडं-विमा वजा करून एफओबी १०३, त्याचे तीन टक्के धरून साधारण ३. हातात ११३, खर्च १०३. महिन्याला वीस टनांच्या कंटेनरमागं दोन लाख, तेही रिकाम्या भट्टीतून.

वर्षभरात लोकल काम वाढलं, भट्टी भरली. लोकल दर १२०, म्हणजे तिथं ८८ वजा जाता किलोला ३२ सुटतात. निर्यातीत १०. आता प्रत्येक कंटेनर लोकल माल मागं ढकलत होता, आणि त्या ३२ ची भरपाई व्हायला सीआयएफ १३१ च्या वर हवा होता. मी म्हटलं, दर वाढवा नाहीतर सोडा. तर हेच काका म्हणतात, "एक्स्पोर्टवाले म्हणून नाव झालंय, सोडायचं कसं?" नावानं बँकेचा हप्ता भरत नाही, काका. गिऱ्हाईक १२० च्या वर येईना, सोडलं.

तुम्ही स्थिर खर्चही तपासून घ्या. या ऑर्डरसाठी रात्रपाळीचा सुपरवायझर ठेवावा लागला किंवा विजेची मागणी करारापेक्षा वर गेली, तर तो पैसा ऑर्डरच्याच खात्यात. आणि शक्यतो एफओबीच कोट करा. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि भाडी भडकली. सीआयएफमध्ये ७ चे १५ झाले की वरच्या १० मधले ८ गेलेच.

रोडटेपचे दर सरकार बदलतं, त्याची स्क्रिप, म्हणजे आयात शुल्क भरायला चालणारं क्रेडिट, विकायची तर थोडं कमीच मिळतं, आणि गिऱ्हाईकाचे पैसे आले नाहीत तर ड्रॉबॅकही परत करावा लागतो. म्हणून ते ३ रुपये धरल्याशिवाय जी ऑर्डर तरत नाही, ती मी घेत नाही. लोकलपेक्षा फार स्वस्त माल वर्षानुवर्षं एकाच देशात पाठवला तर तिथले कारखानदार अँटी-डम्पिंगची तक्रार करू शकतात, तेही ध्यानात असू द्या. करार सहा महिन्यांचाच करा.